मुळांचा नवतपा

नवतपा लागून चौथा दिवस होता आणि माझी मिरची गेली. २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि पुढचे नऊ दिवस नागपुरात गच्चीवर चप्पल घालून जायचीही सोय राहत नाही, हे इथं कोणाला सांगावं लागत नाही. मी त्या मिरचीला सकाळी पाणी घालत होतो, संध्याकाळी घालत होतो. दुपारी मान टाकलेली दिसली म्हणून दोन दिवस दुपारीही घातलं. पाचव्या दिवशी कुंडी उलटी करून मातीचा गोळा बाहेर काढला. माती ओलीच होती. पूर्वेकडच्या अर्ध्या भागात मुळ्या पांढऱ्या, टणक होत्या. पश्चिमेकडच्या अर्ध्या भागातल्या तपकिरी झालेल्या. चिमटीत धरून ओढली की वरची साल निघून यायची आणि हातात नुसता दोरा राहायचा. झाड तहानेनं मेलं नव्हतं. शिजलं होतं, आणि तेही एकाच बाजूनं.

कुंडीतल्या झाडाच्या मुळांना वीस ते तीस अंश तापमान बरं वाटतं. पस्तिशीच्या पुढे बहुतेक झाडांच्या मुळ्यांची वाढ मंदावते, चाळिशीच्या आसपास ती जवळजवळ थांबते, आणि पंचेचाळीस ते पन्नास अंशांत काही तास काढावे लागले तर मुळांच्या पेशीच फुटू लागतात. जमिनीत लावलेल्या झाडाला याची झळ लागत नाही. भर मेमध्येही शेतातली माती फूटभर खाली बरीच गार असते. कुंडीला मात्र ती खोली नसते. तिच्या चारही बाजू उघड्या आणि खाली तापलेला स्लॅब. त्यातून बहुतेक झाडांची सवय अशी, की नव्या कोवळ्या मुळ्या कुंडीच्या भिंतीला चिकटून गोल फिरतात. म्हणजे पाणी शोषणारा सगळ्यात कामाचा भाग नेमका सगळ्यात तापणाऱ्या जागी.

दुपारच्या पाण्यानं माझी चूक आणखी वाढवली. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. उलट मुळ्या जितक्या तापतात, तितका त्यांना प्राणवायू जास्त लागतो. गरम आणि चिंब मातीत मूळ गुदमरतं, गुदमरलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून पान कोमेजतं. आपण कोमेजलेलं पान बघून आणखी पाणी घालतो. उन्हाळ्यात गच्चीवरची किती झाडं अशी मायेनं मारली जातात, त्याची मोजदाद नाही.

तेव्हा पाणी वाढवण्याआधी उष्णता कुंडीत कुठून शिरते ते बघू. मी एक सुईचा डिजिटल थर्मामीटर आणला, स्वयंपाकघरात अन्नात खुपसून तापमान बघतात तसा. तो वेगवेगळ्या वेळी, कुंडीच्या भिंतीपासून बोटभर आत आणि तीन इंच खोल खुपसत गेलो. हवा ४४ अंश होती त्या दिवशी साडेचार वाजता काळ्या प्लास्टिकच्या बारा इंची कुंडीत पश्चिमेच्या कडेला ४९ निघाले, मध्यभागी ४१, पूर्वेच्या कडेला ४०. सात वाजता ऊन गेलेलं, पण मध्यभाग ४३ वर चढलेला. पश्चिमेची उष्णता सरकत सरकत गाभ्यात पोहोचली होती आणि खालचा स्लॅब अजून गरमच होता.

हे पश्चिमेचं प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे उन्हाळ्यातलं ऊन दक्षिणेकडून येतं असा समज पक्का आहे. हिवाळ्यात तो खरा असतो. मेमध्ये मात्र सूर्य डोक्यावरून जातो. नागपुरात शून्य सावलीचा दिवस येतो तोच मुळी २६ मेच्या सुमारास, नवतप्यातच. पुण्या-मुंबईला तो मेच्या मध्यावर येऊन जातो. त्यामुळे बाराच्या उन्हात कुंडीच्या बाजूच्या भिंतींवर ऊन जवळपास पडतच नाही. ते पडतं मातीच्या वरच्या थरावर आणि फरशीवर. सकाळी पूर्वेच्या भिंतीवर पडतं, पण तेव्हा हवा तीस-बत्तीस अंशांची असते आणि कुंडी रात्रभर निवालेली असते. अडीचनंतर ते पश्चिमेच्या भिंतीवर तिरपं येतं. त्या वेळी हवा दिवसातली सगळ्यात तापलेली, फरशी साठ अंशांच्या घरात आणि कुंडी आधीच गरम. तिन्ही मार एकाच वेळी बसतात.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे, जागा बदलण्याचा. बहुतेक जण ‘सकाळचं कोवळं ऊन मिळावं’ म्हणून कुंड्या पूर्वेच्या कठड्याला लावतात. मीही तसंच केलं होतं. पण पूर्वेच्या कठड्याखाली सकाळी कठड्याची सावली पडते आणि दुपारभर पश्चिमेचं ऊन बिनअडथळा आत येतं. हवं त्याच्या नेमकं उलट. कुंड्या पश्चिमेच्या कठड्याला लावल्या तर सकाळपासून दुपारपर्यंत भरपूर ऊन मिळतं आणि दुपारनंतर कठडा आडवा येतो. नागपुरात मेअखेर तीन फुटी कठड्याची फरशीवरची सावली दुपारी दोनला जेमतेम दीड फूट असते, तीनला अडीच फूट आणि चारला चार फूट. म्हणजे उन्हाचा सगळ्यात वाईट तास सुरू होताना कठड्यालगतच्या दोन रांगा सावलीत गेलेल्या असतात. टोमॅटो, मिरची, गुलाब यांना मेमध्ये दोनपर्यंतचं ऊन पुरून उरतं. कुंड्या कठड्याला अगदी चिकटवू नयेत, चार बोटं जागा सोडावी, कारण त्या भिंतीनं सकाळचं ऊन खाल्लेलं असतं.

कठडाच नसेल, नुसतं रेलिंग असेल, तर पश्चिमेला आडोसा उभा करावा लागतो. त्यासाठी मला सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे कोरड्या पाचोळ्यानं ठासून भरलेली पोती. मार्च-एप्रिलमध्ये रस्त्यावर पाचोळ्याचा खच पडलेला असतो. दोन-अडीच फूट उंचीची पोती ओळीनं उभी केली की जाड भिंत तयार होते, ऊनही अडतं आणि उष्णताही. पाचोळा कोरडाच हवा. ओला होऊन कुजायला लागला की त्याचं खत होता होता तोच पन्नास अंशांपर्यंत तापतो आणि कुंड्यांना शेक देतो.

आता कुंड्या एकत्र करण्याविषयी. नऊ कुंड्या गच्चीभर सुट्या ठेवल्या तर नऊही कुंड्यांच्या पश्चिम अंगावर ऊन पडतं. त्याच तीन-तीनच्या तीन रांगांत जवळ जवळ ठेवल्या तर पश्चिमेला तोंड करून तीनच उरतात. बाकीच्या सहांना शेजारणीची सावली. चारही बाजू मोजल्या तर छत्तीसपैकी बाराच बाहेर राहतात. याहून मोठा फायदा चटकन लक्षात येत नाही, तो खालच्या फरशीचा. कुंड्यांच्या घोळक्याखाली आणि वरच्या पानांच्या छत्रीखाली तीन बाय तीन फुटांची फरशी दिवसभर सावलीत राहते. सुट्या कुंडीभोवतीची फरशी तापून तिला चहूबाजूंनी झळा मारते. घोळक्यातल्या कुंडीखाली मारायला तापलेली फरशीच नसते. त्यात पानांतून उडणारी वाफ घोळक्यात थोडी रेंगाळते आणि विदर्भाच्या करकरीत कोरड्या हवेत तेवढ्यानंही पानांचा ताण कमी होतो.

घोळका रचताना नाजूक झाड आणि लहान कुंडी आत, मोठी कुंडी बाहेर. लहान कुंडी लवकर तापते, कारण तिच्यात माती थोडी आणि भिंत त्या मानानं जास्त. सहा इंची कुंडीतला पुदिना नवतप्यात उघड्यावर एक दुपार काढू शकत नाही. चौदा इंची कुंडीतला कढीपत्ता चार दिवस निभावून नेतो. बाहेरच्या रांगेला बोगनवेल, कोरफड, मोगरा अशी राकट मंडळी ठेवावीत असं सांगतात. मोगऱ्याला ऊन आवडतं हे खरं, पण त्याच्या पानाला आवडतं, मुळाला नव्हे. बाहेरच्या रांगेतल्या कुंड्यांचीही उघडी बाजू झाकलेली असावी. माझ्याकडे घोळक्याच्या दक्षिण आणि उत्तर टोकाला रिकाम्या, फुटक्या कुंड्या पाचोळा भरून ठेवलेल्या असतात. तापायचं ते त्या तापतात.

वजनाचा विचार इथंच करून घ्यावा. चौदा इंची कुंडी ओल्या मातीसकट तीस किलोच्या आसपास भरते. अशा बारा एका जागी आणल्या म्हणजे साडेतीन क्विंटल. खोलीच्या मधोमधच्या स्लॅबवर हा ढीग नको. खाली भिंत किंवा बीम असेल त्या कडेला ठेवावा. पश्चिमेचा कठडा सहसा बाहेरच्या भिंतीवरच असतो, तेव्हा हेही जमून जातं.

जागा आणि घोळका झाला की मग वेष्टण. याची सुरुवात खालून. कुंडी फरशीवर टेकलेली असेल तर तळाची उष्णता थेट चढते, आणि तळाशीच मुळ्यांची दाटी असते. प्रत्येक कुंडीखाली दोन विटा, त्यांच्यामध्ये पाणी निघायचं भोक मोकळं राहील अशा ठेवल्या, की तीन इंच हवा मधे येते. टीव्हीच्या खोक्यात येतो तो थर्माकोल मिळाला तर विटांच्या खाली पसरावा. तो सावलीतच टिकतो, उन्हात त्याचा चुरा होऊन नाली तुंबते. लाकडी पॅलेट मिळालं तर सगळा घोळकाच त्यावर बसवता येतो. लोखंडी स्टँडही चालतो. सळई तापते, पण कुंडीला टेकते कितीशी! ज्यांच्या कुंड्या ताटलीत आहेत त्यांनी ताटल्या काढून टाकाव्या. भर उन्हात ताटलीत साठलेलं पाणी म्हणजे तळाच्या मुळ्यांसाठी चुलीवरचं पातेलं.

बाजूंसाठी नागपुरात एक माल फुकटात मिळतो. एप्रिलमध्ये घरोघरी कूलरच्या ताट्या बदलतात. लाकडाच्या किसाच्या त्या जुन्या ताट्या कचऱ्यात जातात. त्या कुंड्यांच्या उघड्या बाजूंना बांधल्या की दीड-दोन इंचांचं छान वेष्टण होतं. ताट्या नसतील तर गोणपाटाचे दोन पदर. कुंड्यांच्या मधल्या फटींत मी सोयाबीनचं कुटार कोंबतो. पूर्व विदर्भात धानाची तणस चालेल, कोकणात नारळाची सोडणं. एकटी, हलवता न येणारी कुंडी असेल तर ती दोन इंच मोठ्या कुंडीत बसवावी आणि मधल्या जागेत तूस किंवा पाचोळा भरावा. बाहेरची कुंडी तापते, आतलीला तिचा पत्ता लागत नाही. बाहेरच्या कुंडीलाही तळाशी भोक हवं, नाही तर आतली कुंडी पाण्यात बसते.

रंगाचा परिणाम वाटतो त्याहून मोठा आहे. काळं प्लास्टिक आणि गडद हिरवी ग्रो बॅग उन्हात सगळ्यात जास्त तापतात. पांढऱ्या चुन्याचा हात दिला की फरक हाताला लागतो. मातीच्या कुंडीला मात्र ऑइल पेंट कधीही देऊ नये. मातीची कुंडी माठासारखी पाझरते आणि त्या पाझरण्यानंच गार राहते. पेंटनं तिची छिद्रं बुजली की ती महागडं प्लास्टिक होऊन बसते. चुन्यानं छिद्रं बुजत नाहीत. चुना लावताना मातीत पडू देऊ नये, एवढं सांभाळावं. गुलाब, जास्वंद अशा झाडांना तो मानवत नाही, पानं पिवळी पडतात.

मातीच्या तोंडावर दोन इंच पाचोळा किंवा कुटार पसरणं तर बाराच्या उन्हासाठी आहेच. खोडाभोवती दोन बोटं मोकळी ठेवावी. शोभेसाठी पांढरे गोटे घालतात, ते उन्हाळ्यापुरते काढून टाकले तर बरं. गोटे तापतात आणि रात्रीपर्यंत तापलेले राहतात.

इतकं झाल्यावरच पाण्याचं बोलण्यात अर्थ आहे. पाणी दोन कामं करतं. ओली माती कोरडीपेक्षा सावकाश तापते, हे एक. आणि पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, हे दुसरं. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता निघून जाते, ती विजेच्या हिशेबात अर्ध्या युनिटहून जास्त भरते. माठाचं सगळं कौतुक या एका गोष्टीचं आहे. पण वाफ व्हायला हवी ती कुंडीच्या बाहेर, गोणपाटावर आणि फरशीवर. मुळांभोवती चिखल करून ती होत नाही.

माझ्या गच्चीचा मेमधला दिवस असा. नागपुरात मेअखेर सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. पाणी त्याआधी किंवा लगेच नंतर, उशिरात उशिरा सातपर्यंत. त्या वेळी माती आणि स्लॅब दोन्ही दिवसातले सगळ्यात गार असतात. बारा इंची कुंडीला दीड ते दोन लिटर, पण एका दमात नाही. आधी अर्धं घालायचं, बाकीच्या कुंड्यांची फेरी करून दहा मिनिटांनी उरलेलं. कोकोपीट जास्त असलेलं मिश्रण एकदा कडक वाळलं की कुंडीच्या भिंतीपासून सुटतं आणि आकसतं. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं, भोकातून बाहेर येतं, आणि आपल्याला वाटतं कुंडी भरली. आत गोळा कोरडाठाक. पहिल्या पाण्यानं माती फुगते, दुसरं पाणी मुरतं. शंका आली तर बोट दोन पेरं आत घालावं.

पाणी कुठलं, हे किती वाजता इतकंच महत्त्वाचं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी संध्याकाळी चाळिशीच्या पुढे असतं, आणि उन्हात पडलेल्या पाइपातली पहिली धार तर हात भाजेल अशी. ती धार आधी बादलीत किंवा नालीत सोडावी. याहून चांगलं म्हणजे संध्याकाळी दोन-तीन रुंद तोंडाच्या बादल्या भरून उघड्या आकाशाखाली ठेवाव्यात. कोरड्या हवेत रात्रभर थोडं पाणी उडतं, उरलेलं निवतं, आणि पहाटे ते हवेपेक्षाही गार लागतं. बादल्या सकाळी रिकाम्या कराव्यात. दिवसच्या दिवस भरून ठेवल्या तर डासांची शेती होते.

दुपारी मी कुंडीत पाणी घालत नाही, बाहेरच्या ताट्यांवर आणि गोणपाटांवर मारतो. साडेबाराला एकदा, साडेतीनला एकदा. दोन्ही मिळून अर्धी बादली. हा झाला कुंडीचा कूलर. सुट्टीच्या दिवशी हे जमतं. कामाच्या दिवशी जमत नाही तेव्हा ताट्या कोरड्या राहतात, पण कोरड्या ताट्यांनीही उष्णता अडतेच.

दुपारी पाणी घातलं तर झाड मरतं, असा एक धाक लोकांनी घेतलेला आहे. तसं काही नाही. माती खरोखर कोरडी असेल, कुंडी उचलून हलकी लागत असेल, तर दोन वाजताही सावलीतलं गार पाणी तांब्याभर घालावं. संध्याकाळची वाट बघत झाडाला उपाशी ठेवू नये. पण बोट ओलं निघत असेल आणि पान कोमेजलेलं असेल तर पाणी नको. त्या झाडाला सावली हवी. वर जुनी सुती साडी किंवा शेडनेट टाकावं, बाहेरून गोणपाट भिजवावं. आठ-नऊपर्यंत पान उभं राहिलं तर ती नुसती दुपारची मरगळ होती. सकाळी सहालाही मान खालीच असेल तर मुळ्या गेलेल्या आहेत.

संध्याकाळी ऊन उतरलं की पाळी फरशीची. सडा घालायचा, आणि तो आपल्या आज्या अंगणात घालत तसाच, हातानं शिंपडून, तुंबवून नाही. दहा चौरस मीटर फरशीवर दहा लिटर पाणी पसरलं तर ते मिलिमीटरभर जाडीचं होतं. हे सगळं पाणी स्लॅबची उष्णता घेऊन उडालं तर चार-पाच इंच जाडीचा स्लॅब दहाएक अंशांनी उतरायला हवा. प्रत्यक्षात निम्मंच पदरात पडतं, तरी रात्री दहापर्यंत तळून येणारा शेक बराच कमी होतो, आणि खाली झोपणाऱ्यांनाही बरं वाटतं. भर दुपारी हाच सडा वाया जातो. पाणी मिनिटांत उडतं आणि सूर्य तेवढीच उष्णता परत ओततो. स्लॅबला गळती असेल तर मात्र आधी तिचा बंदोबस्त करावा.

या सड्यासाठी कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी वापरावं. ते कुंडीत घालण्याचा मोह होतो, मीही दोन उन्हाळे घातलं. कूलरमध्ये पाणी उडत राहतं आणि त्यातले क्षार टाकीतच साचत जातात. आठ दिवसांनी त्या पाण्याचा खारटपणा चांगलाच वाढलेला असतो. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं आणि पानांची टोकं जळलेली दिसली की समजावं, हे त्याचंच. फरशीला त्याचं काही नाही.

संध्याकाळी कुंडीत पाणी द्यायचं ते वरचा थर कोरडा झाला असेल तरच, अर्धा लिटर, आणि सातनंतर, सडा वाळल्यावर. सहा वाजता गाभा तापलेला असताना भरपूर पाणी दिलं तर गरम चिंब मातीत मुळ्या रात्र काढतात.

पुढच्या वर्षी याच पद्धतीनं बारा कुंड्या रचल्या. पश्चिमेच्या कठड्याशी चार-चारच्या तीन रांगा, कठड्यालगत मिरच्या आणि पुदिना, मधे टोमॅटो आणि गुलाब, पूर्वेला कढीपत्ता, तुळस आणि मोगरे. खाली विटा, टोकांना ताट्या, मधे कुटार. हवा पुन्हा ४४ असताना साडेचारला मिरचीच्या पश्चिम कडेला ३८ भरले, संध्याकाळी सातला गाभ्यात ३७. यालाही गार म्हणता येणार नाही. दिवसा ४४ आणि रात्री तिशीच्या आसपास हवा असताना कुंडी कितीही गुंडाळली तरी ती या दोहोंच्या मध्यावर, छत्तीस-सदतीसला येऊन थांबते. त्याखाली नेणारं फक्त पाण्याचं उडणं. मिरच्यांनी त्या महिन्यात नवी पानं काढली नाहीत, फुलंही गाळली. पण जगल्या. ऊन शेवटी एका ग्रो बॅगेला बाधलं, ती मी जागेअभावी घोळक्याबाहेर ठेवली होती.

ज्या झाडाच्या मुळ्या अर्ध्या गेल्या आहेत, त्याला खत घालू नये. मुळंच नाहीत तर खत खाणार कोण, आणि क्षार वाढून उरलीसुरली जळतात. एक तृतीयांश पानं छाटावीत, सावलीत ठेवावं, माती फक्त दमट राहील इतकं पाणी द्यावं. नव्या मुळ्या यायला दोन-तीन आठवडे लागतात. कुंडी बदलायची ती पाऊस लागल्यावर.

हे सगळं विदर्भ, मराठवाडा, खानदेशच्या कोरड्या उन्हाचं. मुंबई, रत्नागिरी, गोव्यात हवा पस्तीसच असते, पण दमट. तिथं पश्चिमेची भिंत तापते तशीच, तेव्हा जागा, विटा, चुना, पाचोळा हे तसंच. गोणपाट भिजवण्याचा उपयोग मात्र थोडा, कारण पाणी उडतच नाही, आणि ओल्या पोत्यावर बुरशी धरते. घोळकाही इतका दाट नको. झाडांमध्ये वीतभर वारा खेळता राहावा.

नागपुरात जूनच्या मध्यावर पाऊस येतो. पहिला दमदार पाऊस झाला की कुटार, ताट्या, गोणपाट सगळं काढून टाका, कुंड्या सुट्या करा. ते ओलं वेष्टण आठवडाभर तसंच राहिलं, तर उन्हातून वाचवलेली मुळं गोगलगायी आणि बुरशी खाऊन टाकतात.